कण्याची दुखापत आणि ताटाचा हिशेब

आजारी माणूस दवाखान्यातून घरी आला की घरात लाडू वळले जातात. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे. हाड मोडलेल्या माणसाला डिंक, बाळंतिणीला अळीव आणि अंगात ताकद नसलेल्या कोणालाही तूप, हे आपल्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. बहुतेक आजारांत त्याने फारसं बिघडतही नाही, कारण माणूस महिन्या-दोन महिन्यांत उठतो, कामाला लागतो आणि खाल्लेलं जिरतं. पाठीच्या कण्याला मार बसून आतला मज्जारज्जू दुखावला असेल, तर मात्र हा हिशेब जुळत नाही. पाय हलत नाहीत, हे सगळ्यांना दिसतं. शरीराची अन्नाची गरज त्याच दिवसापासून बदलली आहे, हे दिसत नाही.

मज्जारज्जूतून मेंदूचे हुकूम खाली जातात आणि खालच्या अंगाच्या खबरी वर येतात. दुखापतीनंतर दोन्ही वाटा तुटतात. बसून बसून कातडी दुखावली तरी टोचत नाही. आतडं भरलं तरी कळ येत नाही. अंगावर चरबी चढली तरी चालताना दम लागत नाही, कारण चालणंच नसतं. एरवी ज्या गोष्टी शरीर स्वतःहून सांगतं, त्या इथे काट्याने, घड्याळाने आणि आरशाने शोधाव्या लागतात. अशा माणसाच्या आहाराचं सगळं शास्त्र याभोवती फिरतं.

हे समजून घ्यायला एक माणूस कल्पू. वय ३४, कोकणातला, पोफळीवर चढून सुपारी उतरवणारा. आपल्या देशात कण्याच्या दुखापतींचं एक मोठं कारण उंचावरून पडणं हेच आहे: झाडावरून, छपरावरून, बांधकामाच्या परांचीवरून. हा गडी पडला आणि पाठीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जू पूर्ण दुखावला. हात, छाती शाबूत. बेंबीच्या खाली ताकद नाही, संवेदना नाही. उंची १७० सेंटिमीटर. पडण्याआधी वजन ६६ किलो होतं. तीन महिन्यांनी घरी आला तेव्हा ५७.

नऊ किलो कुठे गेले

आईला वाटतं, दवाखान्यात पोराला धड खायला मिळालं नाही. तसं नसतं. मज्जारज्जू तुटल्यावर खालच्या स्नायूंना हुकूम मिळणं थांबतं आणि ते झपाट्याने झडू लागतात. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू, त्यामुळे वजन भराभर उतरतं. पहिल्या काही आठवड्यांत लघवीवाटे नायट्रोजन, म्हणजे झडलेल्या स्नायूंतलं प्रथिन, मोठ्या प्रमाणात बाहेर पडत राहतं आणि कितीही खाऊ घातलं तरी ते पूर्णपणे थांबत नाही. या काळात पुरेसं प्रथिन द्यावंच लागतं. पण वजन भरून काढण्याच्या हट्टाने जादा उष्मांक ओतले, तर गेलेला स्नायू परत येत नाही, त्याच्या जागी चरबी येते.

स्नायू नुसता पडून असला तरी ऊर्जा जाळतो. तो कमी झाला की शरीराचा बसल्या जागेचा खर्चही उतरतो. कण्याची दुखापत झालेल्या माणसाचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च इतरांपेक्षा साधारण १४ ते २७ टक्क्यांनी कमी आढळतो. त्यात चालणं-फिरणं गेलं, म्हणजे वरखर्चही गेला. दुखापत जितकी वर, तितका हा खर्च कमी. आहारतज्ज्ञ सुरुवातीला एक ढोबळ आकडा धरतात: ज्यांचे फक्त पाय गेले आहेत त्यांना दर किलो वजनामागे रोज सुमारे २८ उष्मांक आणि ज्यांचे हातही गेले आहेत त्यांना सुमारे २३.

आपल्या माणसाला हे लावलं तर ५७ गुणिले २८, म्हणजे जेमतेम १६०० उष्मांक. झाडांवर चढत होता तेव्हा तो याच्या दीडपटीहून जास्त खात असणार. आता त्याची भूकही तशी कमीच झाली आहे. दोन्ही वेळचं जेवण मिळून ११००, सकाळचे पोहे अडीचशे, दोन चहा सव्वाशे. बेरीज १५०० च्या जरा खाली येते आणि ते अगदी योग्य आहे. पण आईला ते पाहवत नाही. म्हणून सकाळी साखर घालून पेलाभर म्हशीचं दूध आणि एक डिंकाचा लाडू सुरू होतो. “खा रे, अंगात काही राहिलं नाही तुझ्या.” दूध-साखर मिळून २९० उष्मांक, लाडू १९०. एकूण झाले १९५० च्या आसपास, म्हणजे गरजेपेक्षा साडेतीनशे जास्त.

साडेतीनशे उष्मांक म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण रोजचे साडेतीनशे महिन्याला दहा हजारांवर जातात आणि शरीरात एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० पुरतात. पहिल्या महिन्यांत किलो-सव्वा किलो, पुढे जरा सावकाश, असं करत नऊ-दहा महिन्यांत वजन पुन्हा ६६ वर येतं. घरात आनंद होतो. पाहुणे म्हणतात, “आता तब्येत सुधारली हो.” फोटोतला चेहरा पूर्वीसारखा दिसतो.

काट्यावरचे ६६ तेच असले तरी आतला माल बदललेला आहे. पूर्वी त्यात मांड्यांचा स्नायू होता, आता पोटाभोवतीची आणि पोटाच्या आतली चरबी आहे. म्हणूनच नेहमीचा बीएमआयचा तक्ता इथे फसवतो. उंचीच्या हिशेबाने या माणसाचा बीएमआय २२.८ येतो आणि कोणताही तक्ता त्याला ठीकठाकच म्हणेल. पण कण्याच्या दुखापतीत २२ च्या वर गेलेल्या बीएमआयकडे स्थूलतेचा इशारा म्हणून पाहतात. त्याच्या उंचीला ही रेषा ६३ किलोंच्या जरा वर पडते. जुन्या वजनाला परत पोचणं हे ध्येय नव्हतंच. पाय गेलेल्या माणसाचं योग्य वजन तक्त्यातल्या आकड्यापेक्षा ५ ते १० टक्के कमी धरतात आणि हातपाय दोन्ही गेले असतील तर १० ते १५ टक्के कमी.

या तीन-चार जादा किलोंची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पोटाच्या चरबीबरोबर मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, जो या लोकांत आधीच जास्त असतो. दुसरी किंमत रोजची आहे. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून कमोडवर जाताना सगळा भार दोन खांद्यांवर येतो. वजन वाढलं की खांदे आधी दुखतात, मग अंग उचललं जायच्या ऐवजी घसटत सरकवलं जातं, आणि घसटण्यातून कातडी जाते.

यावर उपाय काय, तर उपाशी ठेवणं नव्हे. लाडू रोजच्याऐवजी सणावारी दिला आणि साखरेचं म्हशीचं दूध बदलून तेवढंच बिनसाखरेचं गाईचं दूध दिलं, तर तीनशेच्या वर उष्मांक कमी होतात आणि दुधातलं प्रथिन जवळपास तेवढंच मिळतं. जेवणाच्या ताटाला हातही लावावा लागत नाही. मात्र २८ हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे. कोणी रोज तासभर हाताने खुर्ची ढकलतो, कोणी पोहतो, कोणाच्या पायांत सतत जोरदार झटके येतात. त्यांचा खर्च वेगळा. आकडा बरोबर होता की नाही, हे पुढे काटाच सांगतो.

पोट साफ होण्याचं वेळापत्रक

आतडी मज्जारज्जूच्या हुकुमाशिवायही थोडीफार चालतात, पण मंदपणे. अन्न मोठ्या आतड्यातून पुढे सरकायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, तोवर त्यातलं पाणी शोषलं जातं आणि मळ कडक होतो. शिवाय तो खाली आला आहे ही खबर मिळत नाही आणि गुदद्वाराचा स्नायू आपल्या मर्जीने सैल सोडता येत नाही.

पुढचा मार्ग दुखापतीच्या जागेवर ठरतो. आपल्या माणसासारखी दुखापत मज्जारज्जूच्या टोकाच्या वर असेल, तर खालचा प्रतिक्षेप शिल्लक असतो: आतून चेतना दिली की आतडं आपोआप आकुंचन पावतं. त्यामुळे सपोझिटरी ठेवून किंवा वंगण लावलेलं हातमोज्याचं बोट आत हलकेच फिरवून दर दिवशी वा दिवसाआड पोट साफ करता येतं. अशांना मळ मऊ पण आकार धरलेला हवा. दुखापत अगदी खाली, मज्जारज्जूच्या टोकाला किंवा त्याखालच्या नसांच्या जुडग्याला असेल, तर हा प्रतिक्षेप नसतो आणि गुदद्वार सैल असतं. तिथे मळ बोटाने काढावा लागतो, बहुधा रोज, आणि तो जरा घट्ट असलेला बरा, नाहीतर दिवसभर गळत राहतो. म्हणजे दवाखान्यात शेजारच्या खाटेवर असलेल्या माणसाला जो आहार मानवला, तोच आपल्याला मानवेल असं नाही.

वेळ ठरवताना शरीराच्या एका सवयीचा उपयोग होतो. पोटात अन्न किंवा गरम पेय गेलं की मोठं आतडं हलू लागतं. चहा घेतला की संडासची आठवण होते ती यामुळेच. दुखापतीनंतर ही हालचाल मंदावते, पण बहुतेकांत थोडी उरते. म्हणून सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी, रोज त्याच वेळी, शक्य असेल तर कमोडच्या खुर्चीवर बसून हा कार्यक्रम करायचा. वेळ चुकत गेली की आतड्याची सवय मोडते.

आता चोथा. बद्धकोष्ठ म्हटलं की आपण कोंडा आणि इसबगोल यांच्याकडे धावतो. मंद आतड्यात मात्र जास्त चोथा म्हणजे जास्त ऐवज साठणं, आणि काहींत त्याने मळ पुढे सरकायला उलट जास्त वेळ लागतो. म्हणून दिवसाला १५ ग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवतात. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांत दहाएक ग्रॅम, वाटीभर मटकीच्या उसळीत पाचेक, भाजीत दोन-तीन. म्हणजे साधं मराठी जेवण जेवणारा माणूस पंधराच्या पुढे सहज असतो. ज्याचा दिवस चहा, बिस्किट, खारी, टोस्ट आणि भातावर जातो, त्याला वाढवण्याची गरज आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम दोन-तीन आठवडे वहीत लिहून पाहावा; भाकरी, पेरू आणि इसबगोल एकाच सोमवारी सुरू केले, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळत नाही.

इसबगोल घ्यायचं तर पाणी भरपूर हवं, आणि इथेच गाठ पडते. लघवीचीही जाणीव गेलेली असल्याने अनेकांना दर चार ते सहा तासांनी स्वतः कॅथेटर घालून लघवी काढावी लागते, आणि एका वेळी मूत्राशयात अर्ध्या लिटरपेक्षा जास्त साठू द्यायची नसते. दिवसाला दोन लिटर पाणी प्यायलं तर चार-पाच वेळा कॅथेटर आलंच. हे टाळायचं म्हणून माणूस पाणी तोडतो. विशेषतः बाहेर जायचं असलं की.

आपल्या माणसाचं तसंच होतं. चुलत बहिणीचं लग्न, पाच तासांचा गाडीचा प्रवास. दोन दिवस आधीपासून त्याने पाणी निम्म्यावर आणलं. लग्नघरी कमोड नाही, म्हणून तीन दिवस पोट साफ झालं नाही. परत आल्यावर कोणीतरी इसबगोल दिलं, ते त्याने अर्ध्या पेल्यात ढवळून घेतलं. पाणी कमी पडलेलं इसबगोल आत चिकट गोळा होऊन बसतं. दुसऱ्या दिवशी कपड्याला पातळ शौच लागू लागलं, दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. घरच्यांनी ओळखलं, जुलाब. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणली, जेवण बंद करून पेज सुरू केली.

हा जुलाब नव्हता. कडक मळाच्या गोळ्यामागे तुंबलेला पातळ भाग त्याच्या कडेने झिरपत होता. ओळखायची खूण अशी: आकाराचं शौच बरेच दिवस झालेलं नसतं, पोट फुगून घट्ट लागतं, भूक मेलेली असते आणि गळतं ते थोडंथोडंच. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी गोळा आणखी घट्ट करते. डॉक्टरांना दाखवून तो मोकळाच करून घ्यावा लागतो. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर हे प्रकरण आणीबाणीचं होऊ शकतं. तुंबलेल्या आतड्याने किंवा मूत्राशयाने अशांचा रक्तदाब एकाएकी चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, दुखापतीच्या वरच्या अंगाला घाम फुटतो. माणसाला ताबडतोब बसतं करायचं, कपडे सैल करायचे, आधी लघवी अडली आहे का पाहायचं आणि वेळ न दवडता दवाखाना गाठायचा.

एरवीसाठी पाण्याचा हिशेब साधा आहे. दीड ते दोन लिटर पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारख्या हप्त्यांत प्यावं, रात्रीच्या जेवणानंतर कमी करावं आणि कॅथेटरच्या वेळा त्याच्याशी जुळवाव्यात. प्रवासात कॅथेटरची सोय करायची, पाणी तोडायचं नाही.

कातडीला लागणारं प्रथिन

लग्नाहून आलेल्या माणसाची गोष्ट इथे संपत नाही. पाच तास गाडीत तो जागचा हललेला नव्हता. नंतरचे दोन दिवस शौचाने ओली झालेली कातडी तशीच गादीवर दाबली गेली. आईने संध्याकाळी अंग पुसताना पाहिलं तर उजव्या बाजूला, बसताना जे हाड टेकतं त्यावर, रुपयाएवढा डाग. गोऱ्या कातडीवर असा डाग लाल दिसतो आणि बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे जागा आजूबाजूपेक्षा काळपट-जांभळट, गरम किंवा टणक लागते. म्हणून पाहायचं तसं बोटांनी चाचपायचंही. त्याने रोज आरशात पाहायला हवं होतं. पाहिलं नाही, आणि चार दिवसांत तिथे कातडी फाटून खड्डा पडला.

बेडसोअर दाबामुळे होतो, अन्नाच्या कमतरतेमुळे नव्हे. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविलला कण्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला, तेव्हा दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा नियम त्यांनी कडकपणे पाळायला लावला. आजही खुर्चीत बसलेल्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून, मिनिट-दोन मिनिटं हाडांवरचा भार काढायचा असतो. ते होत नसेल तर कोणतीही पावडर जखम भरून काढत नाही. पण दाब काढल्यावर जखम कशाने भरायची, हे ताट ठरवतं.

उघड्या, खोल जखमेतून रोज पाणी झिरपतं आणि त्याबरोबर प्रथिनही जातं. नवी कातडी विणायला ते पुन्हा लागतं. जखम नसताना दर किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम प्रथिन पुरतं. जखम झाल्यावर ते १.२५ ते १.५ ग्रॅमपर्यंत न्यावं लागतं आणि फार खोल जखमेत त्याहून वर. उष्मांकही दर किलोमागे ३० ते ३५ लागतात, कारण ऊर्जा कमी पडली तर शरीर खाल्लेलं प्रथिनच जाळायला घेतं आणि जखमेला काही उरत नाही. त्यामुळे वजन वाढलेलं असलं तरी जखम उघडी असेपर्यंत ते उतरवायला घ्यायचं नाही.

आपल्या माणसासाठी ६३ किलो धरले तर १९०० च्या आसपास उष्मांक आणि ८० ते ९५ ग्रॅम प्रथिन येतं. गंमत अशी, की लाडू-दुधासकट तो जेवढं खात होता, तेवढेच उष्मांक आता खरोखर लागतात. फक्त ते साखर-तुपातून न येता डाळी-अंड्यांतून यायला हवेत. दिवस असा मांडता येतो. सकाळी दोन उकडलेली अंडी, एक पोळी, पेलाभर गाईचं दूध. दुपारी दोन लहान भाकऱ्या, वाटीभर उसळ, बांगड्याच्या दोन तुकड्यांचं कालवण, पालेभाजी, वाटीभर दही. चारला मूठभर चणे-शेंगदाणे आणि पेरू. रात्री वाटीभर भात, घट्ट वरण, एक पोळी, भाजी. हे सगळं मिळून १९०० च्या किंचित वर उष्मांक आणि ८५ ते ९० ग्रॅम प्रथिन होतं. शाकाहारी घरात अंडी-मासळीऐवजी ५० ग्रॅम पनीर आणि कोरडे असताना ४० ग्रॅम भरतील इतके सोयाबीनचे वडे घेतले की तेवढीच भर पडते. वरण मात्र खरंच घट्ट हवं. वाटीत तळ दिसणाऱ्या पातळ वरणात पाणी जास्त आणि डाळ नावापुरती असते.

जखम झाली की अंडी, मासळी बंद करायची, आंबट खाल्लं की पू धरतो, हे अजून अनेक घरांत मानलं जातं. पू जंतूंमुळे होतो, अंड्यामुळे नव्हे. पेरू, लिंबू, आवळा बंद करून आपण जखमेचं क जीवनसत्त्व तोडतो आणि मासळी बंद करून प्रथिन.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. प्रथिन इतकं वाढवण्याआधी मूत्रपिंडं ठीक आहेत ना, हे पाहून घ्यावं. लघवीच्या जुन्या त्रासाने ती कमजोर झालेली असू शकतात. इथे एक फसगत होते. क्रिएटिनिन हे स्नायूंतून येतं. स्नायूच कमी असलेल्या माणसात ते कमीच दिसतं, त्यामुळे मूत्रपिंड बिघडत असतानाही रिपोर्ट सामान्य वाटू शकतो. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही तपासणी जास्त खरं सांगते. दुसरी गोष्ट लोहाच्या गोळीची. जुनाट जखमेत हिमोग्लोबिन उतरतं ते अनेकदा लोह कमी पडल्यामुळे नव्हे, तर जळजळीमुळे. अशा वेळी लोहाची गोळी आपल्या मनाने सुरू केली तर हिमोग्लोबिन फारसं चढत नाही, मळ मात्र काळा आणि घट्ट होतो, आणि आपण पुन्हा तुंबलेल्या आतड्यापाशी येतो. अल्ब्युमिनचंही तसंच: ते कमी आलं की घरचे घाबरून पावडरचे डबे आणतात, पण संसर्गाने आणि जळजळीनेही अल्ब्युमिन उतरतं. पोषण कसं चाललं आहे, हे त्या आकड्यापेक्षा जखमेची लांबी-रुंदी आणि वजन पाहून जास्त कळतं.

उभं न राहता वजन

वजन करा, हे सांगणं सोपं आहे. काट्यावर उभं राहता न येणाऱ्या माणसाने ते करायचं कसं? व्हीलचेअरसकट चढता येईल असा काटा पुनर्वसन केंद्रांत असतो, तालुक्याच्या दवाखान्यात सहसा नसतो. पण बाजारपेठेत धान्याची पोती मोजायचा सपाट इलेक्ट्रॉनिक काटा असतोच. फळी टाकून खुर्ची त्यावर चढवायची, ब्रेक लावायचे, चारही चाकं फळीवर नीट आहेत ना पाहायचं आणि आकडा लिहायचा. माणूस उतरवून रिकामी खुर्ची, तीच गादी आणि तीच पिशवी लटकलेली असताना पुन्हा मोजायची. समजा पहिला आकडा ८५.५ आणि दुसरा १९.५, माणूस ६६. खुर्चीचं वजन एकदा मोजून कायम धरलं तर चालतं, पण गादी बदलली किंवा मागे सामान अडकवलं की ते पुन्हा मोजावं. हलक्या माणसासाठी घरी दुसरी युक्ती आहे: धडधाकट माणसाने त्याला उचलून न्हाणीघरातल्या काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं. पण उचलताना दोघांपैकी कोणी पडलं तर सगळं मुसळ केरात, म्हणून साठ किलोंच्या माणसाला हे करू नये.

वजन महिन्यातून एकदा पुरतं. जखम असताना आठवड्याला. सकाळी, पोट आणि लघवी साफ झाल्यावर, त्याच कपड्यांत. तीन दिवस पोट साफ न झालेला माणूस किलोभर जास्त भरू शकतो, आणि पायांवर सूज असेल तर दोन किलोही. चार दिवसांत चढलेलं वजन चरबीचं नसतं. वजनाबरोबर पोटाचा घेर मोजावा, आडवं झोपवून, शेवटच्या बरगडीच्या खाली, श्वास सोडल्यावर. वजन स्थिर असताना घेर वाढत असेल तर स्नायू झडतो आहे आणि चरबी चढते आहे. दुसऱ्या बाजूला, महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरलं, तर थांबू नये. ६६ किलोंच्या माणसाला महिन्यात सव्वातीन किलोंची ही घट आहे. बसण्याच्या हाडांवरची गादी पातळ होते आणि जखमेचा धोका वाढतो. जखम असेल तर ती भरणं थांबल्याची ही पहिली खूण असू शकते.

म्हणून एक वही हवी, आणि तिला चार रकाने पुरे आहेत: महिन्याचं वजन व घेर, पोट साफ झाल्याचा दिवस आणि मळ कसा होता, दिवसभरात किती पाणी आणि किती वेळा कॅथेटर, आणि कातडीवर कुठे डाग. आपल्या माणसाच्या वहीत हे असतं, तर दहा महिन्यांत चढलेले नऊ किलो तिसऱ्या महिन्यातच दिसले असते. लग्नाच्या आठवड्यातले पाण्याचे निम्मे पेले आणि संडासचे तीन कोरे दिवस एकमेकांशेजारी आले असते आणि जुलाबाची गोळी आणायला निघालेल्याला कोणीतरी थांबवलं असतं. तपासणीला जाताना फायलीत एक्स-रे आणि रिपोर्ट असतातच; त्यांच्यावर ही वही ठेवावी. समोरच्या डॉक्टरला किंवा आहारतज्ज्ञाला लाडू बंद करायचा की वरण घट्ट करायचं, हे त्या रिपोर्टांपेक्षा तिच्यातून लवकर ठरवता येतं.